प्रकाशवर्ष

प्रकाशवर्ष हे अंतराचे एकक आहे, काळाचे नव्हे. निर्वात पोकळीत प्रकाश एका वर्षात जेवढा पल्ला गाठतो, तेवढे हे अंतर. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर, आणि हिशेबासाठी वर्ष ३६५.२५ दिवसांचे, म्हणजे ३,१५,५७,६०० सेकंदांचे धरतात. दोन्हींचा गुणाकार सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर येतो.

एककाचा उगम एका अडचणीत आहे. १८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर मोजले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तो तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्यावरून अंतर निघाले पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे साडेसहा लाख पट. हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहणे कठीण, म्हणून बेसेल यांनी सांगितले की, हे अंतर कापायला प्रकाशाला १०.३ वर्षे लागतात. (आजचे मोजमाप ११.४ आहे.) ‘प्रकाशवर्ष’ या अर्थाचा जर्मन शब्द त्यानंतर, १८५१ मध्ये, छापून आला.

अंतर वेळेत सांगण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. ‘गाव इथून तासाभरावर आहे’ असे आपण सहज म्हणतो, आणि ऐकणारा त्यातून गावाचे वय काढत नाही. तरीही प्रकाशवर्षाच्या बाबतीत गल्लत होते, याला शब्दाची घडण बरीच जबाबदार आहे. मराठीतल्या अशा समासात शेवटचे पद जड असते. आर्थिक वर्ष, लीप वर्ष, शैक्षणिक वर्ष ही सगळी वर्षेच. मग प्रकाशवर्ष हेही वर्षच, फक्त लांबलचक, असे कानाला वाटते. ‘लाखो प्रकाशवर्षांपूर्वी’ हा प्रयोग त्यातूनच येतो. तो ‘लाखो कोसांपूर्वी’ म्हणण्याइतकाच चुकीचा आहे. ‘किती लांब?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून शब्द बसतो का, हे पाहिले की चूक लगेच सापडते.

गैरसमजाला आणखी एक खरा आधार आहे. व्याधाचा तारा ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणून आज रात्री दिसणारा त्याचा प्रकाश ८.६ वर्षांपूर्वी निघालेला असतो. अंतर आणि काळ यांचा आकडा एकच! मात्र हे जवळच्या ताऱ्यांपुरतेच. विश्व प्रसरण पावत असल्याने अतिदूरच्या दीर्घिकांसाठी दोन्ही आकडे फार वेगळे होतात. GN-z11 या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १,३४० कोटी वर्षे लागली, पण तो वाटेत असताना मधली जागा ताणली गेली. ती दीर्घिका आज सुमारे ३,२०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे.