बारावी मराठीच्या पुनर्मूल्यांकनाचा अर्ज: कारणे गुणविभागणीला धरून कशी लिहावीत

बारावीला मराठीत अपेक्षेपेक्षा दहा-बारा गुण कमी पडले की घरात पहिला शब्द निघतो तो ‘रिचेकिंग’चा. महाराष्ट्र राज्य मंडळाकडे मात्र या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन. तिन्हींचे शुल्क वेगळे आणि त्यातून मिळणारे उत्तरही वेगळे. साहित्याच्या पेपरला यातली नेमकी कोणती वाट धरायची, हे आधी ठरवावे लागते.

गुणपडताळणीत उत्तर पुन्हा वाचले जात नाही. एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, आतल्या पानावरचे गुण मुखपृष्ठावर आले आहेत का, बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहतात. शुल्क विषयाला ५० रुपये. ‘माझ्या रसग्रहणाला चारपैकी एकच गुण का?’ या प्रश्नाला पडताळणीत उत्तर नाही. ते पुनर्मूल्यांकनातच मिळू शकते, आणि पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घेणे बंधनकारक आहे. छायाप्रतीचे शुल्क विषयाला ४०० रुपये आणि पुनर्मूल्यांकनाचे ३०० रुपये असे चालत आले आहे; ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीच्या निकालाच्या प्रकटनात आकडा पाहून घ्यावा.

अर्ज कोण करू शकतो? जो त्या परीक्षेला बसला आणि ज्याने मुदतीत छायाप्रत मागवली, तो. खरी अट वेळेची आहे. २०२५ साली निकाल ५ मे रोजी लागला आणि पडताळणी व छायाप्रतीचे ऑनलाइन अर्ज ६ ते २० मे या काळात घेतले गेले. मंडळाच्या mahahsscboard.in या संकेतस्थळावरून अर्ज करून शुल्कही तिथेच भरायचे असते. छायाप्रत हाती आली की पुनर्मूल्यांकनासाठी कार्यालयीन कामकाजाचे फक्त पाच दिवस मिळतात. तो अर्ज विहित नमुन्यात, शुल्कासह, आपल्या विभागीय मंडळाकडे द्यायचा. पाच दिवस पुरेसे वाटतात, पण मे महिन्यात विषयशिक्षक गावी गेलेले असतात आणि महाविद्यालयाचे कार्यालय अर्धा दिवसच उघडे असते. म्हणून छायाप्रतीचा अर्ज केला त्याच दिवशी शिक्षकांना फोन करून ते कधी भेटतील हे विचारून ठेवावे.

काही पालक माहिती अधिकाराचा मार्ग सुचवतात. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला, हे खरे. पण त्याच निकालाने स्पष्ट केले की पाहण्याच्या हक्कातून पुन्हा तपासून घेण्याचा हक्क निघत नाही. तो परीक्षा मंडळाचे नियम देतील तेवढाच असतो. शिवाय माहिती द्यायला कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. तोवर पुनर्मूल्यांकनाची खिडकी बंद झालेली असते.

आता छायाप्रत वाचायची कशी ते पाहू. आधी पाने मोजा. मुखपृष्ठावर पुरवण्यांचा आकडा लिहिलेला असतो. तेवढ्या पुरवण्या प्रतीत आहेत का ते बघा. पुरवणी कमी असेल तर ती पुनर्मूल्यांकनाची तक्रार नाही. त्याच दिवशी विभागीय मंडळाला लेखी कळवायची बाब आहे. मग प्रत्येक कृतीचे आतले गुण एका कागदावर उतरवून बेरीज करा आणि मुखपृष्ठाशी ताडा. बेरीज चुकली असेल तर तेच सर्वात भक्कम कारण, कारण त्यात मताचा प्रश्नच येत नाही.

बेरीज जुळली की गुणविभागणीकडे वळायचे. परीक्षकांची उत्तरसूची विद्यार्थ्याच्या हाती नसते. हाती असते ती कृतिपत्रिका, आणि तीच अर्जाचा आधार. मराठी युवकभारतीचा लेखी पेपर ८० गुणांचा: गद्य २०, पद्य १६, कथा हा साहित्यप्रकार १०, उपयोजित मराठी १४ आणि व्याकरण व लेखन २०. आकलनाच्या दोन-दोन गुणांच्या कृतींत वादाला फारशी जागा नसते. उत्तर बरोबर असते नाहीतर चूक. गुण हलतात ते स्वमत व अभिव्यक्तीची चार गुणांची उत्तरे, चार गुणांचे रसग्रहण, उपयोजितची पाच गुणांची उत्तरे आणि निबंध यांत. यातही निबंधावर अर्जाचा भार टाकू नये. निबंधाला किती गुण द्यावेत यावर दोन चांगले परीक्षकही एक-दोन गुणांनी वेगळे पडतात, आणि तेवढा फरक चूक मानला जात नाही.

एक नमुना घेऊ. समजा एका विद्यार्थिनीला तीन उत्तरांबद्दल शंका आहे: रसग्रहणाला ४ पैकी १, अहवाललेखनाच्या उत्तराला ५ पैकी २ आणि गद्यातल्या स्वमताला ४ पैकी २.

रसग्रहणात आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये ही तीन अंगे पाहिली जातात. तिच्या उत्तरात पहिल्या परिच्छेदात ओळींचा आशय आहे, दुसऱ्यात चेतनगुणोक्ती अलंकार ओळीसह दाखवला आहे आणि तिसऱ्यात लय व शब्दयोजनेबद्दल चार वाक्ये आहेत. समासात बरोबरची खूण फक्त पहिल्या परिच्छेदाशी आहे. पान उलटल्यावर असलेल्या दोन परिच्छेदांशी ना खूण, ना शेरा. हे कारण पक्के: उत्तराचा मागच्या पानावरचा भाग वाचलाच गेला नसावा, अशी जागा छायाप्रतीत बोटाने दाखवता येते.

अहवालाच्या कृतीत ‘वस्तुनिष्ठता, विश्वसनीयता, सोपेपणा, शब्दमर्यादा’ असे चार मुद्दे छापले होते. चारही तिने लिहिले, त्यातल्या दोघांना उदाहरणे दिली. कृतिपत्रिकेत मुद्दे छापलेले असतात तेव्हा तपासणीची चौकट विद्यार्थ्याच्याही हाती असते, आणि चार मुद्द्यांच्या उत्तराला पाचपैकी दोन का, हे विचारणे रास्त ठरते.

स्वमताचे मात्र तसे नाही. तिने मत ठामपणे मांडले, पण उताऱ्यातला एकही आधार दिला नाही. दोन गुण योग्यच आहेत. हे उत्तर अर्जात घालू नये, कारण कमकुवत तक्रार शेजारच्या भक्कम तक्रारीचेही वजन कमी करते. पुन्हा तपासताना सढळ पडलेले गुणही नजरेस येतात, हेही लक्षात घ्यावे. छायाप्रत वाचताना आपल्याला कुठे जास्त गुण मिळाले आहेत तेही प्रामाणिकपणे मोजावे आणि मगच ३०० रुपये भरावेत.

विहित नमुन्यात कारणांना जागा अपुरी असेल तर सोबत एक पानी पत्र जोडावे. ते असे:

प्रति,
मा. विभागीय सचिव,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
पुणे विभागीय मंडळ, पुणे.

विषय: इयत्ता १२ वी, मराठी (विषय सांकेतांक ०२) उत्तरपत्रिकेच्या पुनर्मूल्यांकनाबाबत.

संदर्भ: बैठक क्रमांक ______, छायाप्रत मिळाल्याचा दिनांक ______.

महोदय / महोदया,

वरील विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मला मिळाली आहे. कृतिपत्रिकेतील गुणविभागणीशी ताडून पाहता पुढील दोन उत्तरांचे मूल्यांकन पुन्हा व्हावे, अशी विनंती आहे.

१. कृती २ (इ), रसग्रहण, ४ पैकी १ गुण. उत्तर छायाप्रतीच्या पान ९ व १० वर आहे. आशय पान ९ वर असून त्यावर परीक्षकांची खूण आहे. अलंकार (पान १०, ओळ १ ते ७) आणि भाषिक वैशिष्ट्ये (पान १०, ओळ ८ ते १४) या भागांवर खूण वा शेरा नाही. हा भाग तपासला जावा.

२. कृती ४ (आ), अहवाललेखनाची वैशिष्ट्ये, ५ पैकी २ गुण. कृतीत दिलेले चारही मुद्दे पान १७ व १८ वर स्वतंत्र परिच्छेदांत लिहिले आहेत; पहिल्या व तिसऱ्या मुद्द्याला उदाहरण दिले आहे. दिलेल्या मुद्द्यांनुसार या उत्तराचे पुन्हा मूल्यांकन व्हावे.

सोबत: छायाप्रतीची संबंधित पाने, गुणपत्रकाची प्रत, शुल्क भरल्याची पावती, विषयशिक्षकांचा अभिप्राय.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

या पत्रात ‘अन्याय झाला’ हा शब्द नाही, दहावीचे गुण नाहीत, मैत्रिणीला किती पडले ते नाही, प्रवेशाची अडचणही नाही. यातले काहीही उत्तर पुन्हा वाचणाऱ्याच्या कामाचे नसते. ‘मला किमान तीन गुण मिळावेत’ असेही लिहिलेले नाही. आकडा ठरवणे परीक्षकाचे काम, जागा दाखवणे आपले. पुष्कळ जण पत्रात तेच उत्तर नव्याने, अधिक चांगले लिहून पाठवतात. त्याला काहीच किंमत नाही. उत्तरपत्रिकेत त्या दिवशी जे लिहिले तेवढेच तपासले जाते.

शिक्षकांचा अभिप्रायही याच धाटणीचा हवा. ‘विद्यार्थिनी हुशार आहे’ हे वाक्य वाया जाते. ‘पान १० वरील अलंकाराचे स्पष्टीकरण बरोबर असून त्यास गुण दिलेले दिसत नाहीत’ हे कामाचे. अर्जाच्या नमुन्यात प्राचार्यांची सही व शिक्का मागितला असेल तर तो विसरू नये. सहीविना परत आलेला अर्ज पुन्हा नेईपर्यंत पाच दिवस निघून जातात.

छायाप्रत ई-मेलने मागवली असेल तर तो ई-मेल पुसू नका. त्यावरची तारीख हाच पाच दिवसांच्या मोजणीचा पुरावा आहे. संदर्भात तीच तारीख लिहा आणि ई-मेलची छापील प्रत अर्जाला जोडा. अर्ज स्वतः नेऊन दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि दिनांकाचा शिक्का घ्या. मूळ गुणपत्रक मात्र लॅमिनेट करू नका. गुण बदलले तर सुधारित गुणपत्रकासाठी तेच जमा करावे लागते.