उजेड सहन होत नाही म्हणून एकदम काळी काच मागताय? आधी हे वाचा

आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी येतं आणि म्हणतं, उजेड अजिबात सहन होत नाही, तुमच्याकडची सगळ्यात डार्क काच द्या, घरात-ऑफिसमध्ये पण घालायचीय. आणि आम्ही लगेच ऑर्डर घेत नाही, चार प्रश्न विचारत बसतो, म्हणून काही जण वैतागतात. आम्ही असं का करतो ते एकदा नीट लिहून ठेवतोय.

डोळा अंधाराला सरावतो, हे थिएटरमधून दुपारी बाहेर पडल्यावर सगळ्यांनी अनुभवलंय. दिवसभर घरात काळा चष्मा घातला की डोळा कायम त्या अर्धवट अंधारालाच सरावलेला राहतो, मग चष्मा काढला की साधी ट्यूबलाइट पण टोचते, मग वाटतं त्रास वाढला, अजून डार्क हवी. उन्हासाठीच्या नेहमीच्या गडद काचेतून साधारण ८ ते १८ टक्केच उजेड आत येतो. ती उन्हात घाला, बिनधास्त घाला, पण घरात नको.

गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते, हिशेबाचं काम, दिवसभर स्क्रीनसमोर. आठ महिने ऑफिसमध्ये गॉगल घालत होते आणि आता त्याहून काळा हवा होता. विचारल्यावर कळलं की सकाळी ठीक असतं, संध्याकाळी त्रास वाढतो, अक्षरं पुसट होतात आणि डोळे मिचकावले की क्षणभर स्पष्ट दिसतात. हे ड्राय आयचं, म्हणजे डोळे कोरडे पडण्याचं अगदी ओळखीचं लक्षण, कारण अश्रूंचा थर फुटला की खालचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, उघडा पडतो आणि त्याच्यात नसा खच्चून भरलेल्या असतात. आम्ही त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे तपासल्यावर दिसलं की अश्रूंचा थर चार सेकंदांत फुटतोय, एरवी तो दहा सेकंद तरी टिकायला हवा. पापण्यांच्या कडेच्या तेलाच्या ग्रंथी पण तुंबलेल्या होत्या. दिवसातून दोनदा गरम शेक आणि प्रिझर्वेटिव्ह नसलेले ड्रॉप्स असे उपचार सुरू झाले, आणि आम्ही मधल्या काळासाठी साधारण निम्मा उजेड आत सोडणारा टिंट दिला, मग तीन आठवड्यांनी अजून फिका. दोन महिन्यांनी ते ऑफिसमध्ये साधी काच वापरायला लागले. त्या दिवशी आम्ही काळी काच दिली असती तर एक विक्री झाली असती आणि त्यांचा त्रास तसाच राहिला असता.

मायग्रेनचं गणित वेगळं. तिथे डोळा वरून निरोगी असतो, पण उजेडाने डोकेदुखी भडकते आणि डोकं दुखत नसताना पण लुकलुकणारे दिवे नकोसे होतात. रेटिनात काही पेशी अशा असतात ज्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळसर उजेडाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात आणि मायग्रेनच्या वेदनेशी त्यांचा संबंध आहे. एफएल-४१ नावाचा गुलाबी टिंट मुख्यतः हाच निळा-हिरवा भाग कमी करतो, म्हणून काळ्या काचेपेक्षा खूप फिका असूनही काहींना त्याचा जास्त आराम पडतो. सगळ्यांना पडतोच असं नाही, आणि मायग्रेन त्याने बरा होत नाही. रंग थोडे बदललेले दिसतात, ते पण काहींना नको असतं. म्हणूनच आमच्याकडे ट्रायल क्लिप आहे, तुमच्या चष्म्यावर लावून आठवडाभर तुमच्याच ऑफिसच्या दिव्यांखाली वापरून बघा. काच बनताना आधी रंगात बुडवतात आणि कोटिंग नंतर चढतं, त्यामुळे एकदा कोटिंग झालं की टिंट कमी-जास्त करता येत नाही, नवीनच जोडी बनवावी लागते. तुमचे दिवस जातात ते इथेच.

आता एक गोष्ट, जिथे अजिबात थांबायचं नाही. डोळा लाल आहे, दुखतोय, पाणी येतंय, नजर पुसट झालीय आणि उजेड सहन होत नाही, विशेषतः एकाच डोळ्यात, आणि तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर अजूनच जास्त, तर लेन्स काढून ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कॉर्नियाला जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तिथे उशीर झाला तर कायमचा डाग राहू शकतो. डोळ्याच्या आतल्या सुजेत तर चांगल्या डोळ्यावर उजेड पडला तरी दुखऱ्या डोळ्यात कळ येते, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. अशा वेळी आम्ही कुठलाच टिंट देत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

अजून दोन गोष्टी ज्या सारख्या विचारल्या जातात. उन्हात आपोआप डार्क होणारी फोटोक्रोमिक काच गाडीत डार्क का होत नाही? कारण पुढची काच अल्ट्राव्हायोलेट अडवते आणि बहुतेक फोटोक्रोमिकना डार्क व्हायला तेच लागतं. आणि रात्री गाडी चालवताना कुठलाच टिंट नको, पिवळा पण नको.

येताना रोजचा चष्मा, चालू ड्रॉप्स आणि त्रास नेमका कुठल्या वेळी आणि कुठल्या दिव्याखाली होतो हे चार दिवस लिहिलेला कागद आणा, त्यावरून टिंट ठरवायला निम्मा वेळ लागतो.