पीडीएफमध्ये कापलेली पट्टी छपाईत परत का येते?

हापूसचा हंगाम जवळ आला की आमच्याकडे पेट्यांच्या लेबलांच्या पीडीएफ येऊ लागतात. बऱ्याच जणांची फाइल गेल्या वर्षीचीच असते, फक्त जुना भाव आणि जुना फोन नंबर असलेली खालची पट्टी तेवढी ‘क्रॉप’ केलेली. स्क्रीनवर लेबल स्वच्छ दिसतं. प्रूफ काढलं की पट्टी पुन्हा हजर!

क्रॉप केल्याने मजकूर पुसला जात नाही, तो फक्त झाकला जातो. पीडीएफच्या प्रत्येक पानाला वेगवेगळ्या चौकटी असतात. मीडिया बॉक्स म्हणजे कटिंगच्या खुणांसकट अख्खं पान. ट्रिम बॉक्स म्हणजे कटिंगनंतर हातात येणारं लेबल. क्रॉप बॉक्स ही नुसती खिडकी आहे. फाइल उघडल्यावर तेवढाच भाग दिसतो आणि घरच्या प्रिंटरवरही सहसा तेवढाच छापला जातो. आम्ही मात्र मोठ्या शीटवर लेबलं बसवतो ती ट्रिम बॉक्स धरून.

एक उदाहरण पाहा. लेबल १०० × १५० मिमी, चारी बाजूंना खुणांसाठी १० मिमी जागा, आणि खालची ३० मिमीची पट्टी क्रॉप केलेली. आमच्या संगणकावर ही आज्ञा दिली, की त्या फाइलच्या चौकटी अशा दिसतात (इथे कामाच्या तीनच ओळी घेतल्या आहेत):

```
pdfinfo -box label.pdf

MediaBox:  0.00   0.00 340.16 481.89
CropBox:  28.35 113.39 311.81 453.54
TrimBox:  28.35  28.35 311.81 453.54
```

आकडे पॉइंटमध्ये आहेत, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. क्रम डावी, खालची, उजवी, वरची कड असा. क्रॉप आणि ट्रिम बॉक्समध्ये फरक फक्त दुसऱ्या आकड्यात आहे: खिडकीची खालची कड ८५ पॉइंट, म्हणजे ३० मिमी वर सरकली, ट्रिम जागच्या जागी राहिला. म्हणून तुम्हाला १२० मिमी उंचीचं लेबल दिसतं आणि आमच्याकडे १५० मिमीचं छापलं जातं. तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला पाठवलीत, तर जुना भावही तिच्यासोबत जातो, हेही ध्यानात असू द्या.

उलटंही घडतं. फाइलमध्ये ट्रिम बॉक्स नसेल तर क्रॉप बॉक्सच ट्रिम मानला जातो आणि तोही नसेल तर मीडिया बॉक्स. मग १२० × १७० मिमीचं अख्खं पानच लेबल ठरतं आणि कटिंगच्या खुणा आंब्याच्या चित्राशेजारी छापल्या जातात.

तेव्हा पट्टी काढायची असेल तर मूळ डिझाइनमध्ये काढा, पानाचा आकार तिथेच बदला आणि नवी पीडीएफ बनवा. रंग चारी बाजूंना लेबलच्या कडेच्या ३ मिमी बाहेर जाऊ द्या. मूळ डिझाइन हाताशी नसेल तर क्रॉप न करता फाइल तशीच पाठवा आणि काय काढायचं ते सोबत लिहा.