वाफा, ब्लॅक कोहोश आणि शतावरी

‘पाळी जाताना अंगातून वाफा निघतात. शेजारणीला ब्लॅक कोहोशच्या गोळ्यांनी गुण आला. झाडपाल्याचंच औषध, मग अपाय कसला?’ सोलापूरहून एका ताईंचा प्रश्न.

शेजारणीला बरं वाटलं हे खरंच असेल, पण त्याचं श्रेय गोळीला देता येत नाही. अमेरिकेत 351 स्त्रियांवर वर्षभर चाललेली चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. ब्लॅक कोहोश घेणाऱ्या आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हार्मोन घेणाऱ्यांच्या वाफा मात्र दिवसाला सुमारे चारने कमी झाल्या. वाफा काळाबरोबर आपोआपही ओसरतात, आणि सोलापुरात मे महिन्यात सुरू केलेली गोळी पाऊस पडल्यावर गुणकारी वाटायचीच!

वाफांसाठीच घेतल्या जाणाऱ्या सेज या वनस्पतीच्या एका गाजलेल्या स्विस अभ्यासात तुलनेला खोटी गोळी घेणारा गटच नव्हता. शतावरी आपल्या ओळखीची, पण तिच्यावरचे अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे.

आता अपायाचं. ब्लॅक कोहोश घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताचा आजार असेल तर ती नकोच. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. फिट येणाऱ्यांनी सेजचा अर्क किंवा तेल टाळावं, त्यातल्या थुजोनने झटके येऊ शकतात. शतावरीच्या जातीच्या ॲस्परॅगसची ॲलर्जी असल्यास शतावरी नको. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी तिन्हींपैकी काहीही कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये.