एकाच निकालाचे दोन d: 0.4 की 0.89?

पी व्हॅल्यूवरून परिणाम किती मोठा हे कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. माझं डोकं फिरतं ते पुढच्या पायरीवर. परिणाम किती मोठा हे सांगायला d वापरतात, म्हणजे सरासरीतला फरक भागिले प्रमाण विचलन. शोधनिबंधात नुसतं 'd = 0.89, परिणाम मोठा' असं छापतात आणि भागाकार कशाने केला ते सांगतच नाहीत.

एक बनवलेलं उदाहरण घेऊ. 25 विद्यार्थी, 100 गुणांची वाचन चाचणी, प्रशिक्षणाआधी आणि नंतर. सरासरी 52 वरून 56. दोन्ही वेळी प्रमाण विचलन 10, आणि दोन्ही वेळच्या गुणांत सहसंबंध 0.9, म्हणजे आधी पुढे असलेला नंतरही पुढेच.

पहिला d: 4 भागिले 10, म्हणजे 0.4. इथे मोजपट्टी आहे विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमधल्या फरकाची.

दुसरा, ज्याला dz म्हणतात: इथे भागायचं ते प्रत्येकाच्या वाढीतल्या चढउताराने. सहसंबंध जास्त असल्यामुळे वाढीतला चढउतार गुणांतल्या फरकापेक्षा बराच कमी, म्हणून हे विचलन फक्त 4.47. उत्तर 0.89. पेअर्ड टी-टेस्टचा t घेऊन विद्यार्थ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की हाच आकडा मिळतो (इथे t सुद्धा योगायोगाने 4.47 येतो; तो भागिले 5), आणि बहुतेकांच्या हाती नकळत तो असाच लागतो. मग संख्याशास्त्रज्ञ कोहेनच्या 0.2 लहान, 0.5 मध्यम, 0.8 मोठा या पट्ट्या लावल्या की मोठा परिणाम तयार! गुण मात्र चारच वाढलेले. त्या पट्ट्या सरसकट लावू नयेत, असं खुद्द कोहेननेच बजावलं होतं.

दोन्ही आकडे बरोबरच आहेत. चुकतं ते त्यांचं भाषांतर. गुणांचं वितरण साधारण घंटाकृती असेल तर 0.4 चा अर्थ असा: प्रशिक्षणानंतरचा सरासरी विद्यार्थी आधीच्या वर्गातल्या सुमारे 66 टक्के मुलांच्या पुढे असता. 0.89 चा अर्थ वेगळा: सुमारे 81 टक्के मुलांचे गुण थोडेफार तरी वाढले. 'वाढले', 'खूप वाढले' नव्हे. 81 टक्क्यांचं वाक्य पहिल्या अर्थाने लिहिलं की वाचक सरळ फसतो.

मी लिहीन ते असं: 'सरासरी 100 पैकी 4 गुण वाढले (95 टक्के विश्वासांतर 2.2 ते 5.8); आधीच्या प्रमाण विचलनाने भागल्यास d = 0.4.' आधी गुण, मग d, आणि भाजक कोणता ते त्याच वाक्यात. सोबत सहसंबंधही छापावा, म्हणजे ज्याला दुसरा आकडा हवा तो काढून घेईल. dz ची खरी जागा पुढच्या अभ्यासात किती मुलं लागतील हे ठरवताना.

आणि तुलनेला दुसरा गट नसेल, तर हे 4 गुण प्रशिक्षणाचे की दुसऱ्यांदा चाचणी दिल्याचे, हे यातला कुठलाच d सांगत नाही.