ड्रेसला मैत्रीण, नोकरीला आई

मूल आठवी-नववीत गेलं की इंदुरातल्या मराठी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. आमचं ऐकून घेतो आणि करतो मात्र ग्रुपचं ठरलं असेल तेच. केस कसे कापायचे, बूट कोणते घ्यायचे, रात्री खायला छप्पनला जायचं की सराफ्यात, सगळं बाहेर ठरतं. आजीने मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत येतं. मग आई-बाबा म्हणतात, पोरगं हातचं गेलं.

समाजशास्त्रज्ञही एकेकाळी जवळपास हेच म्हणत होते. जेम्स कोलमन यांनी 1957-58 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कूलांचा अभ्यास केला आणि 1961 मध्ये तो पुस्तकरूपाने आला. किशोरांचा एक वेगळाच समाज तयार झालाय, तिथले मानमरातब मोठ्यांच्या जगापेक्षा निराळे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'हुशार विद्यार्थी' यापेक्षा 'उत्तम खेळाडू' म्हणून लक्षात राहायला आवडेल, असं म्हणणारे मुलगे जास्त निघाले. पण त्यांच्याच प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न होता: आई-वडिलांची नाराजी जास्त जड जाईल, की मित्राशी तुटणं? अर्ध्याहून थोड्या अधिक मुलांनी आई-वडिलांची नाराजी निवडली. कोलमन यांनी यातून मित्रांचं वजन घराच्या जवळपास पोचलंय असा अर्थ काढला. मला मात्र हा आकडा उलटंही सांगतो असं वाटतं. वेगळ्या समाजाचे नागरिक घरच्या नाराजीला इतकं घाबरत नसतात.

गोंधळ प्रश्नातच होता. 'घर की मित्र' असं विचारलं की उत्तर एकच यायला हवं, असं आपण धरून चालतो. क्ले ब्रिटन यांनी 1963 मध्ये छापलेल्या अभ्यासात हा प्रश्नच बदलला. त्यांनी शाळकरी मुलींसमोर काल्पनिक पेच ठेवले. प्रत्येक पेचात दोन पर्याय, एक आई-वडिलांच्या पसंतीचा आणि दुसरा मैत्रिणींच्या. खरी युक्ती पुढे होती. काही दिवसांनी त्याच मुलींना तेच पेच पुन्हा दिले, फक्त बाजू उलट करून. आधी जो पर्याय आईचा होता तो आता मैत्रिणींचा झाला.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. राजवाड्याजवळच्या दुकानात दोन ड्रेस आहेत, एक निळा आणि एक लाल. पहिल्या खेपेला आईला निळा आवडलाय आणि मैत्रिणींना लाल. मुलगी लाल म्हणते. यावरून काहीच कळत नाही, कारण तिला मुळातच लाल आवडत असेल. दुसऱ्या खेपेला मैत्रिणी निळ्याच्या बाजूने आहेत. तरीही ती लालच म्हणाली तर ती तिची स्वतःची आवड, ती कुणाच्याच खात्यात जात नाही. पण ती निळ्यावर आली, तर ती रंगामागे गेली नाही, मैत्रिणींमागे गेली. साध्या मुलाखतीत हा फरक कधीच दिसला नसता. 'तू कुणाचं ऐकतेस' असं थेट विचारलं, तर मुलं स्वतःबद्दलचं आवडतं मत सांगतात.

निकाल विषयागणिक बदलत गेला. कपड्यांच्या बाबतीत मुली मैत्रिणींकडे झुकल्या. अर्धवेळ नोकरी कोणती घ्यावी, किंवा शाळेच्या मालमत्तेचं नुकसान करणाऱ्याचं नाव सांगावं का, अशा पेचात त्या आई-वडिलांकडे झुकल्या. ब्रिटन यांचं स्पष्टीकरण असं, की मुली दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गोष्टींतले जाणकार मानतात. वर्गात काय घातलं तर आपण वेगळ्या पडू, हे आईला कळणं शक्य नाही. ती त्या वर्गात बसतच नाही. पण पुढे निभवायच्या निर्णयात, आणि बरं-वाईट ठरवायच्या वेळी, त्यांना घरचं मत जास्त भरवशाचं वाटतं. अभ्यासाला मर्यादाही होत्या. मुलगे त्यात नव्हते, पेच कागदावरचे होते, आणि घर आणि मैत्रिणी असे समोरासमोर ठाकण्याचे प्रसंग खऱ्या आयुष्यात त्यामानाने कमीच येतात.

मग ड्रेस सोडा, सिगारेट किंवा गाडी पळवणं यांचं काय? इथे डेनिस कॅन्डेल यांचं 1978 चं काम उपयोगी पडतं. न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलांमध्ये त्यांनी मित्रांच्या जोड्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासल्या. विषय होते गांजा, किरकोळ गैरवर्तन, राजकीय मत आणि पुढे किती शिकायचं ते. नंतर ज्यांची मैत्री होणार होती, अशी मुलं मैत्रीच्या आधीपासूनच एकमेकांसारखी निघाली. ज्यांची मैत्री पुढे तुटली, ती आधीपासूनच कमी सारखी होती. जे टिकले ते वर्षभरात आणखी जवळ आले. म्हणजे मित्रांमधलं साम्य काही अंशी निवडीतून येतं आणि काही अंशी सहवासातून. 'वाईट संगतीने बिघडला' हे म्हणताना संगत कुणी निवडली, हेही विचारावं लागतं. त्याआधीच्या एका कामात कॅन्डेल आणि जेराल्ड लेसर यांना दिसलं होतं, की पुढच्या शिक्षणाच्या बेतात मुलांचा मेळ जिवलग मित्रापेक्षा आईशी जास्त बसतो.

गाडी पळवण्याची गोष्ट थोडी वेगळी. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या वरच्या लोकांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला, काहींना एकट्याने, काहींना मित्रांसोबत. मित्र जवळ असताना सगळ्यात लहान वयाच्या गटाने कितीतरी जास्त धोका पत्करला. 24 च्या वरच्यांमध्ये फारसा फरक पडला नाही. 'हेल्मेट घाल' हे मुलाला मान्यच असतं. मागे दोघं बसले की ते मान्य असणं तेवढ्यापुरतं कामाला येत नाही.

घराच्या बाजूवर सगळ्यात जोराचा हल्ला 1995 मध्ये ज्युडिथ रिच हॅरिस यांनी केला. मुलांची घराबाहेरची घडण मित्रगटात होते, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी स्थलांतरितांची मुलं दाखवली, जी आई-वडिलांच्या भाषेत नव्हे, तर गल्लीतल्या मुलांच्या भाषेत वाढतात. मंदसौरच्या 1818 च्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, आणि मराठी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तरी शाळेच्या पटांगणात आमची मुलं हिंदीच बोलतात. इथवर हॅरिस बरोबर. पण जे घरातच चालतं, जसं स्वयंपाक आणि धर्म, ते घराकडून टिकू शकतं हे त्यांनीही मान्य केलं, कारण मित्रगटात त्याला कुणी टोकत नाही. दाराबाहेर हिंदी बोलणारी तीच मुलगी गौरीच्या नैवेद्याला पुरण वाटायला बसते. ती मुलगी यात काही विसंगती पाहत नाही.

टीकाकारांनी, त्यात स्टाइनबर्ग आणि एलेनॉर मॅकॉबी होते, 2000 मध्ये उत्तर दिलं की आई-वडील मित्रगटावरही परिणाम करतात. आश्चर्य असं, की हॅरिस यांनाही एवढं मान्य होतं: मुलांना कोणत्या वस्तीत आणि कोणत्या शाळेत घालायचं, हे आई-वडीलच ठरवतात. रामबागेतला जुना वाडा सोडून विजयनगरला फ्लॅट घ्यायचा की नाही, ही चर्चा घरात पार्किंग आणि हप्त्यांवरून होते. मुलाचे पुढचे मित्रही त्याच चर्चेत ठरत असतात.