चित्रमजकुराचे चॅटअंतर्गत भाषांतर

चॅटमध्ये आलेल्या फलकाच्या, अर्जाच्या वा स्क्रीनशॉटच्या चित्रातील अक्षरे ओळखून, चॅट अ‍ॅप न सोडता, त्यांचे भाषांतर त्याच जागी दाखविण्याची पद्धती. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात तिचा संबंध मुख्यतः कन्नड सूचना मराठीत वाचण्याशी येतो.

तिचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. चित्रावरच भाषांतर उमटविणारे ‘वर्ड लेन्स’ २०१० मध्ये आले आणि २०१५ च्या आरंभी ‘गूगल ट्रान्सलेट’मध्ये समाविष्ट झाले, काही जण तेथूनच आरंभ मानतात. तथापि त्यासाठी वेगळे अ‍ॅप उघडावे लागे. म्हणून जानेवारी २०२४ मधील ‘सर्कल टू सर्च’, म्हणजे पडद्यावरचे काहीही बोटाने निवडून शोधण्याची गूगलची सोय, हा टप्पा अधिक ग्राह्य वाटतो, कारण काही अँड्रॉइड फोनांवर होम बटण वा खालची पट्टी दाबून धरताच ते चालू चॅटवरच उघडते. भाषांतराची सोय त्यात मागाहून आली. २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने आणलेले भाषांतर टंकलिखित संदेशांसाठी होते.

कन्नडच्या बाबतीत खरी अडचण भाषांतराआधीच, अक्षरओळखीत उद्भवते. कन्नड जोडाक्षरातील दुसरे व्यंजन, ज्यास ‘ओत्तक्षर’ म्हणतात, ते बहुधा पहिल्याच्या खाली लहान आकारात येते; चित्र पाठविताना आकुंचित झाले की प्रथम तेच पुसट होते. रफाराची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मराठीत तो अक्षराच्या डोक्यावर असतो, कन्नडमध्ये मात्र अक्षरानंतर उजवीकडे लिहिला जातो आणि त्याचे रूप कन्नड नऊच्या अंकाशी जवळजवळ जुळते. तसेच कन्नड अनुस्वार आणि शून्य ही दोन्ही वर्तुळेच होत.

उदाहरणार्थ, ग्रामपंचायतीच्या अर्जावर ‘अर्जिदारर हेसरु’ (अर्जदाराचे नाव) असे छापलेले असते. रफार नऊ म्हणून वाचला गेल्यास यंत्राच्या हाती ‘अजि९दारर’ पडते व भाषांतरात निरर्थक शब्दालगत एक अनाथ नऊ उरतो. ही चूक निदान दिसते. याउलट, कन्नड अंकांत छापलेल्या दहा तारखेचे शून्य अनुस्वार समजले गेले, तर मुदत एक तारखेची ठरू शकते आणि वाक्य मात्र निर्दोष दिसते. त्यामुळे तारीख व रक्कम मूळ चित्राशी अंकागणिक ताडून पाहावी लागते. त्यासाठी कन्नडचे दहा अंक ओळखता आले तरी पुरते.

‘सर्कल टू सर्च’ पडद्यावर दिसते तेवढेच वाचते. म्हणून पूर्ण पानाचा फोटो आधी बोटांनी मोठा करून, दोन-चार ओळी पडद्यावर घेऊन मगच भाषांतर मागावे. तरीही ओत्तक्षरे फुटत असतील, तर पाठविणाऱ्याकडून तोच फोटो एचडी दर्जात किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. पुसले गेलेले अक्षर मोठे केल्याने परत येत नाही.

रकान्यांच्या अर्जात शेजारच्या दोन रकान्यांच्या ओळी एकत्र वाचल्या जाऊन वडिलांच्या नावाची सूचना पत्त्याला चिकटू शकते. अशा वेळी बोटाने एकच रकाना निवडणे श्रेयस्कर. हस्तलिखित शेरे व गोल शिक्क्यांतील वळलेली अक्षरे यांचे वाचन छापील मजकुरापेक्षा बरेच अविश्वसनीय असते.